फ्लॅटची मूळ रजिस्ट्री हरवली तर काय करायचं, आणि कोणत्या क्रमानं

मावशीचा मनीषनगरातला फ्लॅट विकायला काढला होता. गिऱ्हाईक ठरलं, टोकन घेतलं, आणि झेरॉक्स काढायला म्हणून ती रजिस्ट्रीची फाईल घेऊन सीताबर्डीला गेली. परत येताना ऑटोत फाईल सीटच्या मागच्या फळीवर ठेवली आणि घरासमोर उतरताना भाजीची पिशवी तेवढी घेतली. ऑटोचा नंबर कोणी पाहिलेला नव्हता. त्या रात्री ती मला फोनवर एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत होती: "आता फ्लॅट माझा राहिला का रे?"

राहिला. विक्रीपत्र नोंदवलं गेलं त्याच दिवशी त्याची नोंद दुय्यम निबंधक कार्यालयात झाली, आणि कागद हरवल्यानं ती पुसली जात नाही. खरी भीती वेगळी आहे. मूळ दस्त सावकाराकडे किंवा बँकेत नुसता ठेवूनही कर्ज काढता येतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५८(फ) मध्ये हा गहाणाचा प्रकार आहे. त्यामुळे "मूळ रजिस्ट्री नाही" हे ऐकलं की खरेदीदाराच्या वकिलाला पहिली शंका येते, की ती कुठे गहाण तर नाही? पुढचे सगळे कागद या एका शंकेचं उत्तर म्हणून गोळा करायचे असतात. हे ध्यानात असलं की कोणता कागद कशासाठी आणि आधी काय, ते आपोआप कळतं.

आधी खात्री करा की दस्त खरंच हरवला आहे

फ्लॅटवर कधी कर्ज घेतलं होतं का, ते आठवा. बरेच जण हप्ते फेडतात, नो ड्यूज घेतात आणि मूळ कागद बँकेतून आणायचे विसरतात. कागद बँकेकडून गहाळ झाले असतील तर मार्ग वेगळा. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, आणि बँकेच्या कारणानं उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद बँकेकडूनच हरवले असतील, तर प्रमाणित प्रती मिळवायला मदत करणं आणि त्याचा खर्च सोसणं बँकेवर आहे. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात. १ डिसेंबर २०२३ पासून पुढे कागद परत करायची वेळ आलेल्या कर्जांना हा नियम लागू आहे. अशा वेळी पोलिसात जाण्याआधी बँकेकडून "कागद आमच्याकडून गहाळ झाले" असं लेखी घ्या.

दस्त क्रमांक शोधा

पोलीस, वकील, निबंधक, तिघंही पहिल्यांदा दस्त क्रमांक, वर्ष आणि कोणत्या कार्यालयात नोंदणी झाली ते विचारतात. जुनी झेरॉक्स, नोंदणीची पावती किंवा सूची क्रमांक २, म्हणजे नोंदणी कार्यालयातून मिळणारा दस्ताचा गोषवारा, सापडला तर काम सोपं. सूची क्रमांक २ च्या डोक्यावर दुय्यम निबंधकाचं कार्यालय आणि दस्त क्रमांक छापलेला असतो. नागपूर शहरात सह दुय्यम निबंधकांची एकाहून जास्त कार्यालयं आहेत, म्हणून नुसतं "सिव्हिल लाइन्सला रजिस्ट्री झाली होती" एवढ्यावर भागत नाही.

मावशीकडे झेरॉक्स होती, पण पहिली दोन पानं नव्हती. मग नोंदणी विभागाच्या freesearchigrservice.maharashtra.gov.in या मोफत शोधाच्या संकेतस्थळावर बसलो. तिथे जिल्हा, तालुका आणि गाव निवडून मालमत्तेचा क्रमांक टाकायचा असतो. मी गावाच्या यादीत मनीषनगर शोधत राहिलो. नोंद मात्र मौजाच्या नावानं असते, आणि तो फ्लॅट मौजा सोमलवाड्यात येतो. घरटॅक्सची पावती किंवा झेरॉक्सचं उरलेलं एखादं पान पाहून मौजा आणि खसरा किंवा प्लॉट नंबर आधी लिहून घ्या. २००९ साल आणि प्लॉट नंबर टाकल्यावर त्या स्कीममधल्या कितीतरी फ्लॅटांच्या नोंदी आल्या, आणि त्यात मावशीच्या नावाचं स्पेलिंग चुकीचं निघालं. म्हणून नावापेक्षा फ्लॅट नंबर आणि मजला जुळवा.

याच शोधात दुसरं महत्त्वाचं काम उरका. खरेदीच्या वर्षापासून आजपर्यंतचं प्रत्येक वर्ष तपासा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून, दस्त ठेवून झालेल्या गहाणाची सूचना ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला द्यावी लागते. तुमच्या फ्लॅटवर न ओळखीची अशी नोंद दिसली तर गोष्ट हरवण्याच्या पलीकडे गेली आहे. पुढचं पाऊल वकिलाला विचारूनच टाका. पण नोंद दिसली नाही म्हणून निश्चिंतही होऊ नका. खासगी सावकाराकडे पडलेला कागद कोणत्याच यादीत येत नाही. पेपरातली जाहीर नोटीस लागते ती याचसाठी.

पोलिसात हरवल्याची नोंद

हरवणं आणि चोरी यांत पोलिसांच्या लेखी मोठा फरक आहे. चोरी असेल तर एफआयआर होतो. हरवलं असेल तर गहाळ वस्तूची नोंद होते आणि तिचा दाखला मिळतो. काम लवकर व्हावं म्हणून हरवलेल्याला "चोरीला गेलं" म्हणू नका. उलट खरोखर चोरी झाली असेल, तर नुसत्या हरवल्याच्या दाखल्यावर परत येऊ नका. नोंद जिथे वस्तू हरवली त्या हद्दीच्या ठाण्यात करा. citizen.mahapolice.gov.in वर ऑनलाइनही होते, पण फ्लॅटच्या बाबतीत ठाण्याचा शिक्का आणि नोंद क्रमांक असलेला कागद हातात असलेला बरा.

अर्ज साधा लिहा. मावशीचा असा होता:

"मी दि. … रोजी दुपारी सीताबर्डी येथून मनीषनगर येथे ऑटोने येत असताना माझ्या मालकीच्या फ्लॅट क्र. …, मौजा सोमलवाडा, नागपूर या मालमत्तेचे मूळ विक्रीपत्र, दस्त क्र. …/२००९, दि. …, असलेली फाईल ऑटोत राहून गहाळ झाली आहे. शोध घेऊनही मिळून आली नाही. सदर दस्त मी कोणाकडेही गहाण अथवा तारण ठेवलेला नाही. तरी नोंद घेऊन दाखला मिळावा."

दाखल्यावर दस्त क्रमांक आला आहे का, ते तिथेच उभं राहून वाचा. "घराचे कागद" एवढंच लिहिलेला दाखला पुढे कोणी धरत नाही. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर असेल तर अर्जावर दोघांची सही घ्या.

नक्कल आधी, नोटीस नंतर

बरेच जण ठाण्यातून सरळ पेपरच्या ऑफिसात जातात. माझं मत, आधी निबंधक कार्यालयातून विक्रीपत्राची नक्कल काढा. नोटिशीतला क्षेत्रफळाचा, खसऱ्याचा, चतुःसीमांचा तपशील नकलेतून जसाच्या तसा उतरवता येतो. आठवणीवरून लिहिलेल्या नोटिशीत एक आकडा चुकला तर ती दुसऱ्याच फ्लॅटची ठरते आणि पैसे वाया जातात.

ज्या कार्यालयात दस्त नोंदवला तिथेच अर्ज करायचा: दस्त क्रमांक, तारीख, पक्षकारांची नावं, मालमत्तेचं वर्णन, सोबत ओळखपत्र आणि पोलीस दाखल्याची प्रत. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या दस्तांच्या पुस्तकातली नक्कल फी भरून कोणालाही मिळते. त्याच कलमात असंही आहे, की अशी प्रमाणित प्रत मूळ दस्तातला मजकूर सिद्ध करायला पुरावा म्हणून चालते. मूळ हरवल्यावर दुय्यम पुरावा देता येतो हे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६० मध्येही आहे. दोन प्रती घ्या, आणि प्रत्येक पान मोजा. नकाशा आणि परिशिष्टं आलीत का, प्रमाणित केल्याची सही-शिक्का आहे का, ते बघूनच काउंटर सोडा.

कोणी "डुप्लिकेट ओरिजिनल काढून देतो" म्हणालं तर तिथून निघा. मूळ विक्रीपत्र दुसऱ्यांदा मिळत नाही. मिळते ती प्रमाणित प्रत. बिल्डरकडून पुन्हा विक्रीपत्र करून घ्यायचा सल्लाही ऐकू नका. जे तो एकदा विकून बसला आहे, ते पुन्हा विकायचा हक्क त्याच्याकडे उरलेला नाही.

जाहीर नोटीस

वकिलामार्फत, एक मराठी आणि एक इंग्रजी दैनिकात द्या. नागपुरात मराठीसाठी लोकमत किंवा तरुण भारत आणि इंग्रजीसाठी हितवाद अशी जोडी सहज जमते. फ्लॅट जिथे आहे तिथे वाचला जाणारा पेपर असावा, एवढं बघा. आक्षेपासाठी सहसा १४ किंवा १५ दिवस देतात. मावशीच्या नोटिशीत १५ होते. मजकुरात चार गोष्टी हव्यात: मालमत्तेचं पूर्ण वर्णन, दस्त क्रमांक आणि तारीख, दस्त कधी व कसा गहाळ झाला, आणि "कोणाचा हक्क, गहाण, तारण अथवा दावा असल्यास पुराव्यासह लेखी कळवावे" हे वाक्य. पत्ता आणि फोन वकिलाचा द्या, स्वतःचा नको. आधार क्रमांक तर कुठेच नको.

हरवल्याची तारीख पोलीस दाखल्यात, नोटिशीत आणि पुढच्या प्रतिज्ञापत्रात एकच असली पाहिजे. मावशीच्या पहिल्या मसुद्यात चुकून दुसऱ्या दिवसाची तारीख पडली होती. वकीलबाईंनी ती छपाईच्या आधी पकडली. बँकेच्या वकिलाच्या नजरेला अशी विसंगती पडली की तो फाईल परत पाठवतो.

नोटिशीचं कात्रण नको, पेपरचं अख्खं पान ठेवा. तारीख आणि आवृत्ती त्यावर दिसते. मुदत संपल्यावर वकिलाकडून "आक्षेप आला नाही" असं पत्र घ्या. आक्षेप आलाच, तर तो मिटेपर्यंत विक्री थांबवा.

प्रतिज्ञापत्र, आणि विक्रीच्या दिवशी

शेवटी नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र, आणि खरेदीदार किंवा बँक मागेल तर हमीपत्र, म्हणजे मूळ दस्तामुळे पुढे नुकसान झालं तर ते मी भरून देईन असं लिहून देणं. ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या बऱ्याच मुद्रांकांची जागा ५०० रुपयांनी घेतली आहे, तेव्हा जुन्या हिशेबानं जाऊ नका. आणि रजिस्ट्री खरोखर कोणाकडे उसन्या पैशांपोटी ठेवलेली असेल, तर "हरवली" असं शपथेवर लिहू नका. तो गुन्हा आहे. ती सोडवून आणणं हाच तिथे मार्ग.

एवढं करूनही एखादी बँक प्रमाणित प्रतीवर कर्ज द्यायला नकार देऊ शकते. तो तिचा अधिकार आहे. म्हणून टोकन घेण्याआधीच खरेदीदाराला हरवल्याचं सांगा आणि त्याच्या बँकेला विचारून घ्या. मावशीनं गिऱ्हाइकाला दुसऱ्याच दिवशी सांगितलं. तो थांबला, त्याच्या बँकेनं नक्कल, दाखला, पेपरची दोन्ही पानं, वकिलाचं पत्र आणि हमीपत्र मागितलं, आणि सौदा पुढे सरकला.

नव्या विक्रीपत्रात एक कलम घालून घेतलं: मूळ विक्रीपत्र गहाळ झाल्याचं, पोलीस नोंदीचा क्रमांक, नोटिशीच्या तारखा, आणि मूळ दस्त पुढे सापडला तर तो खरेदीदाराच्या हवाली करायचा. समजा उद्या तो ऑटोवाला फाईल घेऊन दारात आलाच, तर मावशीनं आधी ठाण्यात लेखी कळवायचं, खरेदीदाराला फाईल द्यायची आणि त्याच्याकडून पोच घ्यायची.