अंगावर चट्टा उठला, किडा सापडला. फोटोत त्याला ओळखायचं कसं?

पावसाळा सरता सरता कोल्हापुरात ट्यूबलाइटभोवती किडे जमतात आणि माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. "हाच चावला का बघा की!" चावत कुणीच नाही. अंगावर बसलेला किडा आपल्या हातून चिरडतो आणि त्याच्या आतलं रसायन कातडीला लागतं. भाजल्यासारखी रेघ उठते ती त्यामुळे.

किडा हाताने उचलू नका. कागदावर घ्या, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा आणि वीतभर अंतरावरून वरून एक, बाजूने एक फोटो काढा.

आता फोटो वाचायचा. मी इथंच फसलो होतो, कारण आधी रंग बघायचो. नारिंगी-काळं दिसलं की 'ब्लिस्टर बीटल' म्हणून मोकळा. त्या नादात कापसावरच्या, कातडीला काहीच न करणाऱ्या लाल ढेकणालाही गुन्हेगार ठरवलं. रंग शेवटी बघा. आधी पाठीवरचे पंख कुठपर्यंत येतात ते बघा. ते कमरेपाशीच संपत असतील, मागे पोटाच्या वळ्या उघड्या असतील आणि एकूण रूप सात ते दहा मिलिमीटरच्या लांबुळक्या मुंगीसारखं असेल, तर तो रोव्ह बीटल. दिव्याला येऊन कातडी भाजणारा बहुधा हाच.

पंखांनी पूर्ण पोट झाकलेलं असेल तर मान बघा. ब्लिस्टर बीटलचं डोकं रुंद आणि खाली वाकलेलं, मागे मान बारीक, पंख चामड्यासारखे मऊ. शेतकरी त्याला हिंगे म्हणतात. भेंडीच्या, जास्वंदीच्या फुलांवर काळा-नारिंगी पट्ट्यांचा असतो. हुमणीच्या भुंगेऱ्याला अशी मान दिसत नाही. तो टणक, फुगीर असतो आणि त्याच्या मिशांना टोकाशी पंख्यासारखी पानं असतात. ढालकिडा तर अर्ध्या वाटाण्यासारखा. दोघांनाही सोडून द्या.

दुसरी चूक वेळेची. परवा करवीर तालुक्यातल्या एका बाईंनी सकाळी उशाशी सापडलेला भुंगेरा पाठवला. मानेवर लालभडक रेघ होती आणि घरच्यांनी नागीण म्हणून लेप लावलेला. फोटोत हुमणी! रोव्ह बीटलची आग बहुधा बारा ते छत्तीस तासांनी उठते, म्हणून मी आदल्या संध्याकाळचं विचारलं. "मानेवर काहीतरी वळवळलं, मी चोळलं." कोपर दुमडलं की घडीत समोरासमोर दोन सारखे डाग पडतात, तसे त्यांच्या कोपरातही होते. नागिणीत असं होत नाही. तिच्या पुळ्या बहुधा अंगाच्या एकाच बाजूला येतात आणि बऱ्याचदा दुखणं आधी सुरू होतं. हिंग्याचे फोड वेगळे: पाणी भरलेले, पुष्कळदा न दुखणारे, एका दिवसाच्या आत उठणारे.

साबण-पाण्याने लगेच धुवा, फोड फोडू नका. हात डोळ्याला लागला असेल तर फोटो पाठवत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.