जाहिरात एजन्सी बंद करताना: आधी ताबा, मग निरोप

पहिल्या एजन्सीला मी शुक्रवारी संध्याकाळी मेल पाठवली की पुढच्या महिन्यापासून काम थांबवू या. सोमवारी शोरूम उघडलं तेव्हा गूगलवरच्या जाहिराती बंद होत्या. ज्या खात्यात दोन वर्षांचा सगळा हिशेब होता ते खातं एजन्सीच्या नावावर होतं, आणि फेसबुक पेजवर मला पोस्ट टाकण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. पैसे आमचे होते, कार्ड आमचं होतं, पण चावी त्यांच्याकडे होती. पेज परत मिळायला सात आठवडे लागले. त्यानंतर आमच्या किचन-फर्निचरच्या धंद्यासाठी मी आणखी चार एजन्सी बंद केल्या आणि प्रत्येक वेळी क्रम उलटा ठेवला.

निर्णय आकड्यांवर घ्या

करारातली नोटीस किती दिवसांची आहे ते बघा आणि देणी-घेणी मांडा. आकडे एजन्सीच्या रिपोर्टमधून उचलू नका, स्वतःच्या ऑर्डरबुकातून घ्या. मागच्या वेळी आमचा हिशेब असा होता: एका महिन्यात जाहिरातींवर १,२०,००० रुपये, एजन्सीची फी ३०,००० आणि लीड ३१२. रिपोर्टमध्ये ‘एका लीडला ३८५ रुपये’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. त्यातले नऊ जण शोरूमला आले आणि दोघांनी ऑर्डर दिली. म्हणजे एका ऑर्डरमागे ७५,००० रुपये खर्च, आणि एका किचनमागे आम्हाला सुटतात साधारण ५५,०००. आलेल्या लीडला आमची माणसं त्याच दिवशी फोन करत होती का, हेही तपासलं. ती करत होती. मग निर्णय पक्का केला.

यादी करा

एका कागदावर लिहा: डोमेन, वेबसाइटचं होस्टिंग, गूगल अॅड्स, अॅनालिटिक्स, टॅग मॅनेजर, सर्च कन्सोल, गूगल मॅपवरचं दुकानाचं प्रोफाइल, फेसबुक पेज, इन्स्टाग्राम, फेसबुकचं जाहिरात खातं, साइटवर कोण आलं ते टिपणारा फेसबुकचा पिक्सेल, व्हॉट्सअॅपचा बिझनेस नंबर. प्रत्येकापुढे तीन गोष्टी भरा: मालक म्हणून कोणाचा ईमेल आहे, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, पैसे कोणाच्या कार्डातून जातात. तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीत असते, दुसरी कोणालाच नसते.

ताबा घ्या (सगळी लढाई इथे आहे)

‘सगळे पासवर्ड मागून घ्या’ हा सल्ला जो-तो देतो, आणि तो वाईट आहे. गूगल आणि फेसबुकच्या जाहिरात खात्यांना स्वतःचा असा पासवर्डच नसतो. माणूस आपल्या ईमेलने आत जातो आणि त्या ईमेलला काही हक्क दिलेले असतात. एजन्सी आपल्या कर्मचाऱ्याच्या ईमेलचा पासवर्ड देणार नाही, आणि देऊही नये. तुम्ही मागायचा तो मालकीचा हक्क, आणि निरोपाच्या मेलच्या निदान महिनाभर आधी. कारण खरं असेल तेच सांगा. मी लिहितो, ‘आमची सर्व खाती कंपनीच्या ईमेलवर आणत आहोत, कृपया या ईमेलला Admin करा.’ यात खोटं काही नाही, आणि हे काम एजन्सी चांगली असली तरी करायलाच हवं. ईमेल कंपनीचा द्या. पुतण्याचा किंवा अकाउंटंटचा खासगी ईमेल दिलात तर उद्या त्यांच्याशीही हेच होईल.

आता गूगल अॅड्स. एजन्सीने तुमचं खातं स्वतःच्या मॅनेजर खात्याखाली जोडलेलं असतं. तुमच्या ईमेलला त्या खात्यात Admin हक्क मिळाला की Access and security मधल्या Managers या टॅबवरून एजन्सीचा दुवा तुम्ही स्वतः तोडू शकता. खातं, जुन्या मोहिमा, दोन वर्षांपर्यंतचा बदलांचा इतिहास, सगळं तुमच्याकडे राहतं. पण दुवा घाईने तोडू नका. मी एकदा तोडला आणि तिसऱ्या दिवसापासून खात्यात कन्व्हर्जन शून्य दिसू लागले. क्लिक पूर्वीइतकेच, शोरूमचा फोनही वाजत होता, तरी शून्य. कारण असं की फॉर्म भरल्याची मोजणी एजन्सीने आमच्या खात्यात न ठेवता स्वतःच्या मॅनेजर खात्यात ठेवली होती. दुवा तुटला आणि मोजणीही त्यांच्याबरोबर गेली. बोली आपोआप ठरवणाऱ्या मोहिमा त्याच मोजणीवर चालतात, म्हणून आठवडाभरात त्याही बिघडल्या. तेव्हापासून मी आधी आमच्याच खात्यात नवं कन्व्हर्जन तयार करतो, त्याचा टॅग साइटवर लावतो, स्वतः एक फॉर्म भरून तो मोजला जातोय हे बघतो आणि दोन-तीन आठवडे दोन्ही मोजण्या शेजारी शेजारी चालू देतो. नको असलेल्या शब्दांच्या याद्या आणि साइटवर येऊन गेलेल्यांचे समूहही मॅनेजर खात्यातून आलेले असू शकतात. ते आपल्या खात्यात नव्याने करून घ्या.

फेसबुकचं प्रकरण जास्त कडू आहे. पेज सुटतं: एजन्सी ते आपल्या बिझनेस पोर्टफोलिओतून, म्हणजे पेज आणि जाहिरात खाती एकत्र ठेवणाऱ्या फेसबुकवरच्या कंपनीच्या खात्यातून, काढते आणि तुम्ही तुमच्यात घेता. जाहिरात खातं मात्र एकदा एजन्सीच्या पोर्टफोलिओचं झालं की तिथून हलत नाही. त्यांनी मनापासून द्यायचं म्हटलं तरी ते तुम्हाला फक्त वापरायची परवानगी देऊ शकतात. त्यांच्या नावावरच्या पिक्सेलचंही तसंच आहे. हे माहीत नसल्यामुळे मी एका एजन्सीशी तीन आठवडे भांडलो, आणि त्या एका गोष्टीत त्यांची चूक नव्हती.

म्हणून वेळ भांडणात घालवू नका, नवं उभं करा. स्वतःचा बिझनेस पोर्टफोलिओ काढा, त्यात नवं जाहिरात खातं आणि नवा पिक्सेल तयार करा, आणि तो पिक्सेल जुन्याशेजारी साइटवर लावा. एका पानावर दोन पिक्सेल चालतात. महिनाभर दोन्ही चालले की नव्या पिक्सेलकडे तुमच्या ग्राहकांची ओळख जमते आणि पहिल्या दिवशी कोऱ्या पाटीवर सुरुवात करावी लागत नाही. नव्या खात्यातून रोज थोडी रक्कम खर्च करायला आत्ताच सुरुवात करा, कारण नव्या खात्यांना बहुतेकदा खर्चाची मर्यादा असते आणि ती हळूहळूच वाढते. चांगल्या चाललेल्या जाहिराती ज्या पोस्टवर उभ्या होत्या त्या पोस्ट पेजच्या असतात. त्यांचे आयडी लिहून घेतलेत तर नव्या खात्यातून तीच पोस्ट, तिच्या लाइक आणि कमेंटसकट, परत चालवता येते.

एक गोष्ट आजच करा. फेसबुकच्या फॉर्ममधून आलेल्या लीड ९० दिवसांपर्यंतच उतरवून घेता येतात, त्यानंतर त्या परत मिळत नाहीत. एजन्सी शीटमध्ये भरून देते ती यादी पुरी समजू नका. मूळ फाइल उतरवून ताडून बघा. आमच्याकडे एका महिन्यात ४१ नावं शीटमध्ये चढलीच नव्हती.

गूगल मॅपच्या प्रोफाइलवर नव्याने जोडलेल्या मालकाला सात दिवस थांबावं लागतं. तोवर जुन्या मालकाला काढता येत नाही. नोटिशीच्या आदल्या दिवशी हे कळलं तर आठवडा हातातून गेला.

आता निरोप द्या

चार ओळींची मेल पुरे: कराराच्या कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेपासून काम थांबतंय, हस्तांतराची यादी सोबत जोडली आहे, आणि शेवटचं बिल हस्तांतर पूर्ण झाल्यावर चुकतं होईल. शेवटच्या वाक्यासाठी करारात आधार आहे का ते बघा. नसेल तर झालेल्या कामाचे पैसे अडवू नका, वाद त्यातूनच सुरू होतात. मेलमध्ये दोषारोपही नकोत. ऑर्डरमागचे ७५,००० रुपये समोरासमोर बोला.

फायली घ्या

‘सगळं ड्राइव्हवर टाकलंय’ असं सांगतील. उघडून बघा. त्यात जेपीजी आणि पीडीएफ असतील तर तुम्हाला छायाचित्रं मिळाली, काम मिळालं नाही. मूळ .psd, .ai, .cdr आणि व्हिडिओचा पूर्ण प्रोजेक्ट मागा. मराठी जाहिरातींत आणखी एक खड्डा आहे. बऱ्याच डिझायनरांकडे मजकूर अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे युनिकोडबाहेर, लावलेला असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की ‘दिवाळी’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून प्रत्येक फाइल दोन रूपांत घ्या: एक मजकूर बदलता येईल अशी, फॉन्टचं नाव लिहून, आणि दुसरी मजकुराचे कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून ठेवलेली, जी फॉन्टशिवायही नीट दिसते. मजकूर युनिकोडमध्ये वेगळाही मागा. फाइल दुसऱ्या डिझायनरच्या संगणकावर उघडून घ्या, त्यांच्या नव्हे.

फाइल हातात आली म्हणजे हक्क आला असं नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचं हस्तांतर लेखी आणि सही केलेलं असावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. लोगोसाठी पाच वर्षं म्हणजे काहीच नाही. एका पानाच्या पत्रात कामांची यादी द्या, ‘हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभर’ असं लिहा, त्याबद्दलचा मोबदला दिल्याचं नमूद करा आणि सही घ्या. विकत घेतलेले फोटो आणि संगीत यांचे परवाने कोणाच्या नावावर आहेत तेही त्याच पत्रात लिहून घ्या. एजन्सीच्या नावावर असतील तर ते फोटो पुढच्या जाहिरातींत वापरू नका.

शेवटचा दिवस

इन्स्टाग्राम, होस्टिंग, डोमेन यांना खरोखर पासवर्ड असतात. इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी ओटीपीचा मोबाइल आणि रिकव्हरी ईमेल बदला, मग पासवर्ड, मग सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट. मी एकदा पासवर्ड आधी बदलला आणि ओटीपी गेला नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या मोबाइलवर. हे काम एजन्सीच्या माणसाला फोनवर धरूनच करा, अर्ध्या तासात होतं.

मग यादीतल्या प्रत्येक ठिकाणाहून त्यांचे ईमेल काढा. सर्च कन्सोलमध्ये नुसतं नाव काढून भागत नाही. मालकी सिद्ध करायला त्यांनी साइटवर ठेवलेली फाइल, मेटा टॅग किंवा डोमेनमधली नोंद तशीच राहिली तर ते पुन्हा मालक होऊ शकतात. तीही काढा. त्यांच्या फेसबुक खात्यात तुमचं कार्ड असेल तर तेही त्याच दिवशी काढून घ्या. प्रीपेड शिल्लक तिथे अडकली असेल तर ती शेवटच्या बिलातून वजा करा.

पंधरा दिवसांनी गूगल अॅड्सचा Change history उघडा. तुमच्या ओळखीचा नसलेला एखादा ईमेल अजून बदल करताना दिसला तर कुठेतरी एक दार उघडं राहिलंय. ते सापडेपर्यंत पुढच्या एजन्सीला हक्क देऊ नका.