एका वर्गात चार आर्या : ऑनलाइन तासाला नावे लावताना या चुका टाळा

शिक्षक म्हणतात, "आर्या, पुढचं उदाहरण तू सोडव." तीन माइक एकदम सुरू होतात. जिला विचारायचे होते ती चौथी मात्र गप्प बसते, कारण तिला वाटते की दुसरीलाच हाक मारली. प्रत्यक्ष वर्गात असे फारसे होत नाही, कारण तिथे नजर जाते, बोट जाते, बाकाची जागा ठाऊक असते. पडद्यावर त्या सगळ्याची जागा चौकटीखालची एक बारीक ओळ घेते. त्या ओळीत काय लिहायचे हे मुलांवर सोडले, की पुढचे घोटाळे ठरलेलेच.

एक वर्ग समोर ठेवू. मुले अडतीस आणि त्यांत चार आर्या : कुंभार, कुलकर्णी, देशमुख आणि पाटील. त्यांचे हजेरी क्रमांक अनुक्रमे ५, ६, १४ आणि १९. पहिल्या दिवशी यादीत दिसते ते असे :

```
Arya
Aarya K
ARYA K.
Sunita Kumbhar
```

चौथे नाव आईचे, कारण तिच्याच मोबाइलवरून मुलगी आली आहे. पहिली आर्या देशमुख की पाटील, हे कळायला मार्ग नाही. तिसरी कुलकर्णी म्हणावी, तर दुसरी कोण? ती निघते पाटील, आदल्या वर्षी कुणीतरी भरून दिलेले नाव तसेच राहिलेली.

चूक पहिली : आडनावाच्या आद्याक्षरावर भिस्त ठेवणे

बहुतेक शिक्षकांचा पहिला उपाय हाच असतो : "नावापुढे आडनावाचे पहिले अक्षर लिहा." दोन आर्यांपुरते ते चालते. चार झाल्या की कुंभार आणि कुलकर्णी दोघी "Arya K" होतात, आणि दोन अक्षरे घ्यायला सांगितली तर दोघी "Arya Ku". शिवाय इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक घराचे वेगळे. Arya, Aarya, Aaryaa ही तिन्ही एकच नाव असू शकतात. यादी वर्णानुक्रमे लागली की Aarya वर जाते आणि Arya तिच्या बरीच खाली, मध्ये अदिती आणि अमेय येतात. म्हणजे एकाच नावाची मुले यादीत शेजारी सापडतील हाही भरवसा उरत नाही.

आडनाव पूर्ण लिहायला सांगितले तर प्रश्न सुटेल असे वाटते, पण तो दुसरीकडून परत येतो.

चूक दुसरी : ओळख पटवणारा भाग शेवटी ठेवणे

माझ्या मते सगळ्यांत जास्त त्रास देणारी चूक हीच, आणि ती लक्षात येत नाही कारण शिक्षकाच्या लॅपटॉपवर सगळे ठीक दिसते. मोठ्या पडद्यावर सहा चौकटी असतील तर "Arya Kulkarni 06" पूर्ण वाचता येते. चौकटी पंचवीस झाल्या, किंवा शिक्षक मोबाइलवरून शिकवू लागले, की जागा आक्रसते आणि नावाचा शेवट कापून तिथे तीन टिंबे येतात. उरते ते असे :

```
Arya Ku…
Arya Ku…
```

क्रमांक दिला होता, आडनावही दिले होते, पण दोन्ही कापले गेले. म्हणून नियम एवढाच : जे वेगळे आहे ते आधी, जे सारखे आहे ते नंतर. क्रमांक पुढे आणला की कापल्यानंतरही ओळख टिकते :

```
05 Arya Ku…
06 Arya Ku…
```

क्रमांक दोन आकडीच लिहायला लावा; 5 नव्हे, 05. संगणक अशा यादीत नावे अक्षराअक्षराने लावतो, त्यामुळे बिनशून्याच्या यादीत 1 नंतर 10, 11, 12 येतात आणि 2 पार खाली जातो. काही ॲप आकड्यांची किंमत ओळखून लावतात, पण त्यावर विसंबू नये. आणखी एक बारकावा : आकडे सगळ्यांनी एकाच लिपीत टाइप करावेत. ०५ आणि 05 आपल्याला एकच वाटतात, संगणकाला ती वेगवेगळी चिन्हे आहेत. वर्गाने इंग्रजी आकडे ठरवले तर एकानेही मराठी कळफलक वापरून चालणार नाही. नाव मात्र मराठीत असले तरी हरकत नाही.

तर आपल्या चौघींची नावे अशी ठरली :

```
05 Arya Kumbhar
06 Arya Kulkarni
14 Arya Deshmukh
19 Arya Patil
```

तास अनोळखी लोकांसाठी खुला असेल किंवा त्याचे रेकॉर्डिंग बाहेर जाणार असेल, तर आडनाव गाळून "05 Arya" एवढेच ठेवा. क्रमांक असल्यामुळे शिक्षकाचे काही अडत नाही, आणि मुलीचे पूर्ण नावही उघडे पडत नाही. जन्मतारीख किंवा फोन नंबर तर नावात कधीच नको.

चूक तिसरी : नाव बदलले म्हणजे ते टिकेल असे धरणे

झूममध्ये शिक्षक यजमान असतील तर Participants उघडून मुलाच्या नावाशेजारी More आणि मग Rename असे करून नाव बदलता येते. पण हा बदल त्या बैठकीपुरताच असतो. खात्यात लॉगिन करून आलेल्या मुलाचे नाव त्याच्या प्रोफाइलमधून येते, आणि लॉगिन न करता आलेल्याचे आत येताना भरलेले असते. म्हणून इंटरनेट तुटून पुन्हा जोडले की "Sunita Kumbhar" परत हजर. दर तासाला तीच नावे दुरुस्त करावी लागत असतील, तर दोष मुलांचा नव्हे, बदल चुकीच्या ठिकाणी होतो आहे. तो प्रोफाइलमध्ये व्हायला हवा. एकाच फोनवरून भाऊ-बहीण दोघे तासाला बसत असतील, तर प्रोफाइल बदलूनही भागत नाही. त्यांनी लॉगिन न करता यावे आणि दर वेळी आपापला क्रमांक घालावा.

मुलांना स्वतःचे नाव बदलू द्यायचे की नाही, हाही प्रश्न येतो. सुरुवातीची पाच मिनिटे द्यावे, नंतर बंद करावे. ते कायम उघडे ठेवले, तर कुणीतरी गंमत म्हणून दुसऱ्याचा क्रमांक लावून चॅटमध्ये काहीबाही लिहितो आणि बोलणी भलत्याच मुलाला बसतात. एकच क्रमांक यादीत दोनदा दिसला तर मात्र लगेच आरोप करू नका. बऱ्याचदा तोच मुलगा फोन आणि लॅपटॉप दोन्हींवरून आलेला असतो.

गूगल मीटचे गणित वेगळे आहे. तिथे लॉगिन केलेल्या मुलाचे नाव गूगल खात्यातून येते आणि बैठक सुरू असताना शिक्षकाला ते बदलता येत नाही. खाती शाळेने दिलेली असतील तर नाव शाळेच्या ॲडमिनने बदलायचे. पण तिथे क्रमांक घालण्याआधी विचार करावा, कारण तेच नाव मुलाच्या ईमेलवर आणि बाकी सगळीकडे दिसणार, आणि पुढच्या वर्षी क्रमांक बदलणार. अशा वेळी मी क्रमांक नावात न घालता प्रोफाइलच्या चित्रात घालावा असे म्हणेन. कॅमेरा बंद असला आणि चित्र नसले, की गोलात फक्त पहिले अक्षर दिसते, म्हणजे चारही आर्यांच्या चौकटीत A. त्याऐवजी कागदावर जाड 05 लिहून त्याचा फोटो लावला, तर चौकट लहान झाली तरी वाचता येतो.

चूक चौथी : नाव फक्त हाक मारण्यासाठी आहे असे समजणे

सारख्या नावांचा खरा फटका तास संपल्यावर कळतो. चॅटमध्ये एकाच विद्यार्थ्याला खाजगी निरोप पाठवताना नावांची यादी उघडते. तिथे दोन "Arya K" एकाखाली एक असतील, तर "तुझा पेपर कमी गुणांचा आहे, उद्या बोलू" हा निरोप भलत्या मुलीकडे जातो आणि परत घेता येईलच असे नाही. नावे ठरेपर्यंत गुणांविषयी काहीही चॅटवर पाठवू नये, ईमेलने पाठवावे.

दुसरा फटका हजेरीत. झूमच्या अहवालात जोडणी तुटून परत आलेल्या मुलाच्या एकाहून अधिक ओळी येतात. तीन ओळींवर "Arya" असेल तर एक मुलगी तीनदा आली की तीन मुली एकेकदा आल्या, हे नुसते पाहून ठरत नाही. क्रमांक पुढे असला की काम सोपे होते. अहवालातील नावे A स्तंभात आणि वर्गाचे क्रमांक D स्तंभात ठेवून E2 मध्ये हे लिहा आणि खाली ओढा :

```
=COUNTIF(A:A, TEXT(D2,"00")&"*")
```

शून्य आले म्हणजे त्या क्रमांकाने सुरू होणारे नाव नाही. एक किंवा अधिक म्हणजे तो क्रमांक लावून कुणीतरी आले होते. शून्य आलेल्यांना लगेच गैरहजर धरू नका. कुणी "5 Arya" लिहिलेले असते, कुणाच्या नावाआधी रिकामी जागा सुटलेली असते, कुणी मराठी आकडा वापरलेला असतो. उरलेल्या दोन-चार ओळी डोळ्यांनी तपासाव्यात. तासादरम्यान नाव बदलले असेल तर झूमच्या अहवालात नवे नाव आधी आणि मूळ नाव कंसात येऊ शकते, त्यामुळे आईच्या नावाने आलेली मुलगीही या मोजणीत सापडते. मराठीत लिहिलेली नावे एक्सेलमध्ये विचित्र चिन्हांसारखी दिसली, तर फाइल थेट न उघडता Data मधून From Text/CSV निवडून UTF-8 ने आत घ्यावी.

हाक कशी मारायची

क्रमांक पडद्यावर असावा, तोंडी नको. "पाच, बोल" हे ऐकायला बरे वाटत नाही. "आर्या एक, आर्या दोन" त्याहून वाईट, कारण त्यात कोण पहिली हा वाद असतो. "मोठी आर्या, छोटी आर्या" तर मुळीच नको. आडनावासह हाक मारावी आणि प्रश्न त्यानंतर विचारावा : "आर्या कुंभार, तिसरं उदाहरण." आडनाव शेवटी आले तर तोवर चौघींचे माइक सुरू झालेले असतात. कुणाला आडनावाने हाक मारलेली आवडत नसेल, तर घरचे नाव किंवा आणखी काही चालेल का, हे तिलाच विचारावे. मात्र ते नाव पडद्यावरही क्रमांकानंतर लिहावे, म्हणजे बदली शिक्षकालाही तीच हाक मारता येईल.

वर्षाच्या मध्ये पाचवी आर्या दाखल झाली, तर तिला वर्णानुक्रमाने मध्ये बसवण्याचा मोह टाळा. तसे केले तर तिच्यापुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात आणि जुन्या चॅटमधली, अहवालातली 14 आता वेगळीच मुलगी ठरते. तिला 39 द्या. कुणी शाळा सोडली तर तो क्रमांक त्या वर्षापुरता रिकामाच ठेवा.