अर्थशास्त्राच्या पहिल्या सत्राचा आराखडा उलटा आखा

प्रकरणांच्या क्रमाने आठवडे वाटून टाकण्याआधी सत्राअखेरी विद्यार्थ्याला काय करता यावं, ते एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, 'वस्तूवर कर लावला तर त्याचा भार ग्राहकावर किती आणि विक्रेत्यावर किती पडेल, हे विद्यार्थी आकृती काढून सांगू शकेल.' हे झालं अध्ययन निष्पत्तीचं वाक्य. 'कर समजून घेईल' असं लिहिलं, तर तपासणार काय?

आता मागे चला. भार कोणावर जास्त, हे लवचिकतेवर ठरतं: ज्याची लवचिकता कमी, त्याच्यावर भार जास्त. म्हणजे लवचिकता करांच्या आधी हवी आणि मागणी-पुरवठ्याचा समतोल तिच्याही आधी. ग्राहकाच्या वर्तनाचे समवृत्ती वक्र मात्र या साखळीत लागतच नाहीत. ते खुशाल नंतर ढकला, किंवा वगळाच.

वाचनही याच क्रमाने लावा. आधी करवाढीची छोटी बातमी, मग पाठ्यपुस्तकातला लवचिकतेचा भाग, त्यानंतर करभाराचा. बातमी पुन्हा वाचायला लावून 'किंमत कराइतकीच वाढेल का?' असं विचारा. बहुतेकजण 'हो' म्हणाले, तर पुढचं प्रकरण थांबवून लवचिकतेला आणखी एक तास द्या. त्यासाठी आराखड्यात एखादा आठवडा मोकळा ठेवलेला बरा.