दुसरा कुत्रा आणायचा का, आणि आणल्यावर दोघांची भांडणं कशी आवरायची

पहिला एकटा पडतो म्हणून दुसरा आणायचा विचार असेल तर आधी त्याला बाकीचे कुत्रे आवडतात का ते बघा. फिरायला नेल्यावर समोरून कुत्रा आला की हा शेपूट सैल हलवत वास घ्यायला जातो, की अंग ताठ करून पट्टा ओढत भुंकत सुटतो? दुसरं असेल तर सध्या राहू द्या. आणि तुम्ही बाहेर गेलात की घर डोक्यावर घेत असेल तर त्याला बहुतेक वेळा माणूस हवा असतो, कुत्रा नाही, मग दुसरा आणून काय होणार, दोघं मिळून भुंकणार.

आणायचं ठरलंच तर शक्यतो नर-मादी जोडी करा आणि नसबंदी करून घ्या, कारण दोन माद्यांची एकदा बिनसली की मिटवणं फार अवघड जातं. पहिली भेट घराबाहेर, दोन माणसं, दोन पट्टे, मध्ये भरपूर अंतर ठेवून एकाच दिशेला चालायचं, दोघं सैलावले की मगच जवळ.

आता खरी डोकेदुखी. समजा घरी सहा वर्षांचा नर आहे आणि नवीन आलेली मादी दहा महिन्यांची. दिवसभर सगळं ठीक, पण तुम्ही कामावरून आलात की दारातच जुंपते. दोघं एकदम धावतात, जागा अरुंद, त्यात ती मध्ये घुसते. नीट बघितलंत तर भांडणाच्या आधी मोठ्याचं तोंड बंद होतं, अंग जागच्या जागी थिजतं, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, मग गुरगुर. त्या गुरगुरण्यावर ओरडू नका प्लीज! ती वॉर्निंग आहे, ती दाबली तर पुढच्या वेळी तो थेट चावेल.

त्यापेक्षा घरातल्या कुणाला तरी सांगून तुम्ही यायच्या आधी तिला दुसऱ्या खोलीत किंवा गेटमागे ठेवा. आत या, मोठा शांत झाला की त्याला भेटा, मग तिला वेगळं भेटा आणि सगळा उत्साह ओसरल्यावर मोठ्या खोलीत दोघांना एकत्र सोडा. ती तुमच्याजवळ यायला लागली की मोठ्याला लगेच खाऊ द्या, म्हणजे ती आली की आपलं काही जात नाही, उलट मिळतं हे त्याच्या डोक्यात बसतं. याला काही आठवडे लागतात, दोन दिवसांत सोडून देऊ नका.

जेवण वेगवेगळ्या खोल्यांत, संपलं की भांडी उचला. चघळायची हाडं तर एकत्र असताना नकोच.

तरी जुंपलीच तर मध्ये हात घालायचा नाही, गळपट्टा धरायचा नाही, त्या भरात स्वतःचा कुत्राही मालकाला चावतो. खुर्ची किंवा मोठा पुठ्ठा मध्ये सरकवा, जाड चादर टाका, आणि सुटले की वेगळ्या खोल्यांत बंद करा. दात रुतल्याच्या जखमा झाल्या असतील, किंवा इतके दिवस नीट वागणारा मोठा अचानक चिडका झाला असेल, तर ट्रेनरच्या आधी व्हेट गाठा, बऱ्याचदा सांधा नाहीतर कान दुखत असतो आणि आपण उगाच नव्या पिल्लाला दोष देत बसतो.