फॅन्सी अक्षरांतला बायो स्क्रीन रीडरवर का फसतो? या चुका टाळा

इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये अक्षरं ठळक करायचं बटण नसतं. म्हणून लोक फॉन्ट जनरेटर उघडतात, Home Baker टाइप करतात आणि 𝗛𝗼𝗺𝗲 𝗕𝗮𝗸𝗲𝗿 कॉपी करून आणतात. पहिला गैरसमज इथेच होतो. जनरेटर फॉन्ट बदलत नाही, अक्षरंच बदलतो. प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक यादीत साधा H म्हणजे U+0048. हा ठळक दिसणारा 𝗛 म्हणजे U+1D5DB, आणि युनिकोडमध्ये त्याचं नाव आहे ‘मॅथेमॅटिकल सॅन्स-सेरिफ बोल्ड कॅपिटल एच’. ही चिन्हं 2001 साली युनिकोड 3.1 मध्ये आली ती गणितासाठी. समीकरणात साधा H आणि ठळक H या दोन वेगळ्या राशी असू शकतात, म्हणून त्यांना वेगळे क्रमांक दिले गेले.

स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. तो अक्षराचा आकार पाहत नाही, क्रमांक वाचतो. दृष्टिहीन ग्राहक तुमचं प्रोफाइल उघडतो तेव्हा त्याला ‘होम बेकर’ ऐकू येईलच असं नाही. काही ठिकाणी प्रत्येक अक्षराचं ते लांबलचक नाव उच्चारलं जातं, म्हणजे दोन शब्दांसाठी नऊ वेळा ‘मॅथेमॅटिकल सॅन्स-सेरिफ बोल्ड…’. काही ठिकाणी आवाजाच्या इंजिनाला ते चिन्ह माहीतच नसतं आणि काहीच ऐकू येत नाही. हा दुसरा प्रकार मला जास्त वाईट वाटतो. लांबण ऐकणाऱ्याला निदान कळतं की इथे काहीतरी लिहिलंय. गप्प राहिलेल्या ओळीचा पत्ताच लागत नाही.

‘माझ्या फोनवर नीट वाचलं, म्हणजे झालं’

हा निष्कर्ष घाईचा आहे. काही रीडर अशी अक्षरं आतल्या आत साध्या अक्षरांत बदलून वाचतात. विंडोजवरच्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये 2024.3 या आवृत्तीपासून त्यासाठी युनिकोड नॉर्मलायझेशनची सोय आहे; 2024.3 मध्ये ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागत होती, 2024.4 पासून वाचनासाठी ती आपोआप चालू असते. पण समोरच्याकडे कोणती आवृत्ती आहे आणि त्याने ती सोय बंद केली आहे का, हे तुम्हाला कळणार नाही.

शिवाय ही दुरुस्ती सगळ्या शैलींना लागू पडत नाही. गणिती ठळक, तिरकी, वळणदार अक्षरं आणि ⓗ सारखी वर्तुळातली अक्षरं यांची साधी जोडी युनिकोडमध्ये नोंदलेली आहे. ʜ सारखी छोटी कॅपिटल्स मात्र उच्चारशास्त्राच्या चिन्हांतून उचललेली असतात. उलटी अक्षरं इकडून तिकडून जमवलेली असतात. 🅷 हा काळ्या चौकोनातला एच वेगळंच चिन्ह मानला जातो. यांना साधी जोडीच नाही. तुमची शैली कोणत्या गटातली आहे, हे पायथनमध्ये लगेच तपासता येतं:

```python
import unicodedata
for s in ["𝗛𝗼𝗺𝗲", "ⓗⓞⓜⓔ", "ʜᴏᴍᴇ", "🅷🅾🅼🅴"]:
    print(s, unicodedata.normalize("NFKC", s))
```

पहिल्या दोघांचं Home आणि home होतं. शेवटचे दोन जसेच्या तसे राहतात. ते कोणत्याही परिस्थितीत टाळा.

मध्येच रिकामे चौकोन

बारीक वळणदार शैलीत Home लिहिल्यावर फक्त m दिसतो आणि बाकी चौकोन येतात, ही तक्रार नेहमीची. कारण मजेशीर आहे. या शैलीतले H, o आणि e गणिती गटात नाहीतच. ती चिन्हं युनिकोडमध्ये आधीपासून होती, ℋ हे U+210B वर, ℴ हे U+2134 वर आणि ℯ हे U+212F वर. म्हणून नव्या गटात त्यांच्या जागा रिकाम्या ठेवल्या. क्रमांकात ठरावीक संख्या मिळवत जाणारा ढिसाळ जनरेटर H साठी U+1D4A3 काढतो, आणि त्या जागी कुठलंच अक्षर नाही. असे चौकोन दिसले तर फोनला दोष देऊ नका. मजकूरच चुकीचा आहे, तो टाका.

देवनागरीवर अधोरेखा

देवनागरीला गणिती ठळक अक्षरं नाहीत, त्यामुळे ‘पुणे’ जनरेटरमधून तसंच बाहेर येतं. अधोरेखा किंवा खोडरेषेची शैली मात्र प्रत्येक चिन्हानंतर एक जोडचिन्ह घुसवते. ‘पु’ म्हणजे प आणि उकार. त्यांच्या मधे U+0332 आलं की उकार प पासून सुटतो, बऱ्याचदा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसतो, आणि शब्द ऐकतानाही तुटतो.

तपासायला दुसऱ्या कुणाची गरज नाही. फोनमध्येच स्क्रीन रीडर असतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग टॉकबॅक. आयफोनवर त्याच विभागात व्हॉइसओव्हर. चालू करण्याआधी बंद कसं करायचं ते वाचून घ्या, कारण एकदा चालू झालं की बोटाच्या खुणा बदलतात: एका टॅपने निवड होते आणि दोनदा टॅप केल्यावर बटण दाबलं जातं. मग स्क्रीनकडे न बघता आपला बायो ऐका.

नाव, व्यवसाय, गाव, फोन नंबर आणि ऑर्डरची माहिती साध्या अक्षरांतच हवी. सजावटीचा मोह आवरत नसेल, तर ज्या शब्दावाचून काही अडत नाही असा एकच शब्द फॅन्सी ठेवा. ठळकपणा ओळी पाडूनही येतो:

```
Home Baker, पुणे
अंड्याशिवाय केक
ऑर्डर: दोन दिवस आधी मेसेज करा
```