इंटर्नल ऑडिटचा चार्टर कमिटीपुढे नेण्याआधी

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत इंटर्नल ऑडिटचा नवा चार्टर, म्हणजे त्या विभागाचे अधिकार आणि जबाबदाऱ्या ठरवणारा दस्तऐवज, मंजुरीला न्यायचा असेल, तर मसुद्याआधी चार जुने कागद टेबलावर काढा: ऑडिट प्रमुखाचं शेवटचं पगारवाढीचं पत्र, गेल्या वर्षीचा मंजूर ऑडिट प्लॅन, दोन-तीन अहवालांचे पहिले मसुदे आणि त्यांच्या अंतिम प्रती, आणि संचालक मंडळाच्या ऑडिट कमिटीच्या चार बैठकींचं इतिवृत्त. जुन्या चार्टरमध्ये 'स्वतंत्र' हा शब्द असतोच. तो कितपत खरा होता, ते या चार कागदांवरून कळतं.

मी ज्या कंपनीत हे काम केलं, ती गाड्यांचे सुटे भाग बनवायची. तिथल्या पगारवाढीच्या पत्रावर सही होती सीएफओची. प्लॅनमध्ये 22 ऑडिट होती, झाली 19. राहिलेली तीन होती बँक व्यवहार, विक्रेत्यांना दिलेले अॅडव्हान्स आणि भंगारविक्री, आणि ही तिन्ही कामं सीएफओच्याच हाताखालची. वाईट हेतू होताच असं मी म्हणणार नाही. दर वेळी 'वर्षअखेरीची गडबड आहे, पुढच्या तिमाहीत करू' एवढंच ठरत गेलं. पण कमिटीच्या इतिवृत्तात ओळ होती, 'प्लॅनच्या प्रगतीची नोंद घेतली.' कुठली तीन राहिली हे कमिटीला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मसुद्यातल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायची सवय लावा: हे कोण अडवू शकतो? उत्तर 'ज्याचं ऑडिट होणार तोच' असं आलं, तर ते वाक्य पुन्हा लिहा.

सुरुवात नेमणुकीपासून करा. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 138 खाली इंटर्नल ऑडिटर नेमावा लागतो आणि ती नेमणूक संचालक मंडळाच्या बैठकीतल्या ठरावानेच होते. सेबीच्या 2015 च्या लिस्टिंग नियमांनुसार मुख्य इंटर्नल ऑडिटरची नेमणूक, त्याला काढणं आणि त्याचा मोबदला, तिन्ही ऑडिट कमिटीच्या नजरेखालून जायला हवं. चार्टरमध्ये याच्या पुढे जा. प्रमुखाला नेमणं, बदलणं, त्याचं वार्षिक मूल्यमापन आणि पगारवाढ कमिटीच्या संमतीशिवाय होणार नाही, असं लिहा. रजा, प्रवासखर्च, बसायची जागा ही रोजची कारभारी बाजू एमडीकडे राहू द्या. कामाच्या बाबतीत कमिटीला आणि कारभारासाठी एमडीला उत्तरदायी, ही विभागणी एकेका ओळीत स्पष्ट असावी. कारभारी बाजूही सीएफओकडे नको, कारण ऑडिटमधला मोठा भाग त्याच्याच खात्यांचा असतो.

मग प्लॅन आणि बजेट. कंपन्यांच्या लेखाविषयक 2014 च्या नियमांमधला नियम 13 सांगतो की ऑडिटची व्याप्ती, कामकाज, वारंवारता आणि पद्धत कमिटी किंवा मंडळ इंटर्नल ऑडिटरशी सल्लामसलत करून ठरवेल. म्हणजे मंजुरी कमिटीची, तर बदलही कमिटीचाच. आम्ही चार्टरमध्ये एवढंच घातलं: मंजूर प्लॅनमधलं कुठलंही ऑडिट पुढे ढकलायचं किंवा गाळायचं असेल, तर कोणाच्या सांगण्यावरून आणि का, हे पुढच्या बैठकीत नावानिशी येईल. बँक व्यवहारांचं ऑडिट त्यानंतर दोन महिन्यांत झालं.

कागदपत्रं पाहण्याच्या अधिकाराचं वाक्य सगळीकडे सारखंच असतं: सर्व नोंदी, मालमत्ता आणि कर्मचाऱ्यांपर्यंत विनाअडथळा पोहोच. ते लिहा, पण सोबत आयटीकडे चौकशी करा. आमच्याकडे सॅप या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला फक्त पाहण्यापुरता लॉगिन मिळवायला फायनान्सच्या मंजुरीचा फॉर्म लागायचा आणि तो दर 90 दिवसांनी संपायचा. चार्टर मंजूर होण्याआधी तो लॉगिन कायमचा करून घ्या, नाहीतर विनाअडथळा हा शब्द तेवढा छापील राहतो.

सगळ्यात जास्त वेळ अहवालाच्या वाटेवर घालवा, कारण घसरण तिथेच होते. आमच्या भंगाराच्या त्याआधीच्या अहवालाच्या पहिल्या मसुद्यात होतं की ठेकेदाराची मुदत दोनदा निविदेशिवाय वाढवली आणि काट्याच्या पावत्या गेटपासच्या नोंदींशी जुळत नाहीत. अंतिम प्रतीत राहिलं, 'भंगारविक्रीच्या प्रक्रियेत सुधारणेला वाव आहे.' मधल्या तीन आठवड्यांत मसुदा चार जणांकडे 'वस्तुस्थिती तपासायला' गेला होता. खात्याचं म्हणणं घ्यायलाच हवं, आकडा चुकला असेल तर दुरुस्तही करायला हवा. पण म्हणणं निष्कर्षाशेजारी छापायचं असतं, निष्कर्षाच्या जागी नाही. चार्टरमध्ये उत्तरासाठी ठरावीक दिवस ठेवा, आम्ही दहा कामाचे दिवस ठेवले. त्यात उत्तर आलं नाही तर 'उत्तर आलं नाही' असं लिहून अहवाल जाईल. आणि तो कमिटीच्या अध्यक्षांना आणि एमडींना एकाच दिवशी जाईल, एकानंतर एक नाही.

पुढचा मुद्दा ऑडिट विभागालाच बोचणारा आहे. आपल्याकडे अनेक कारखान्यांत बिल फेडण्याआधी त्यावर ऑडिटचा शिक्का मारण्याची जुनी पद्धत आहे. शिक्का मारणाऱ्या विभागाला अधिकार वाटतो, फायनान्सला कवच मिळतं. पण मग पेमेंटचं ऑडिट करताना तुम्ही स्वतःचंच काम तपासत असता. ऑडिट विभाग कुठलंही नियंत्रण स्वतः चालवणार नाही, हे लिहा आणि शिक्का फायनान्सकडे कधी जाणार ती तारीखही ठरवा. ज्यांनी तो मारला त्यांनी नंतर किमान 12 महिने त्या कामावर ऑडिटर म्हणून अभिप्राय देऊ नये. इंटर्नल ऑडिटच्या 9 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या जागतिक मानकांचीही तीच मुदत आहे. खरेदी खात्यातून ऑडिटमध्ये बदली होऊन आलेल्या माणसालाही हेच लागू. काम बाहेरच्या फर्मला दिलं असेल तर तिचं करारपत्र चार्टरशेजारी ठेवून वाचा. ते बहुधा सीएफओने काढलेलं असतं आणि अहवालही त्यालाच उद्देशून असतो.

बाकी मजकूर फार वेळ घेत नाही. विभागाचा हेतू, मानकं पाळण्याची बांधिलकी, कामाची व्याप्ती, आणि स्वातंत्र्याला कुठे बाध आला का याचं वर्षातून एकदा कमिटीला लेखी निवेदन. त्या निवेदनात दर वर्षी 'नाही' येत असेल, तर प्रश्नच नीट विचारला जात नसावा.

बैठकीचा अजेंडा आणि टिपणं साधारणपणे सात दिवस आधी जातात, तेव्हा मसुदा त्याच्याही आधी अध्यक्षांना फोनवर समजावून सांगा. कंपनी सेक्रेटरींना विश्वासात घ्या, कारण इतिवृत्ताची भाषा त्यांच्या हातात असते. नियमाने कमिटीच्या वर्षात किमान चार बैठका होतात. त्या प्रत्येकीच्या शेवटी दहा मिनिटं एमडी, सीएफओ बाहेर आणि ऑडिट प्रमुख आत, अशी भेट चार्टरमध्ये कायमची घाला. 'गरज पडल्यास' असं लिहिलंत तर ती भेट मागणं म्हणजेच तक्रार ठरते आणि कोणी मागत नाही. कमिटीत किमान दोन तृतीयांश सदस्य स्वतंत्र संचालक लागतात, म्हणजे एखादा कार्यकारी संचालक सदस्य म्हणूनही आत असू शकतो. तसं असेल तर भेट फक्त स्वतंत्र सदस्यांसोबत, हेही लिहा. आमच्या पहिल्या भेटीत पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग अध्यक्षांनी भंगाराच्या अहवालाचा पहिला मसुदा मागितला.